ठसा ज्याचा त्याच्यापाशी

अकरावीला विविधता आणि आनुवंशिकता शिकवताना मी बोटांच्या ठशांचा प्रयोग घेते. मुलं पेन्सिली आणि चिकटपट्टी काढायच्या आत एक नियम फळ्यावर लिहून होतो: ठसा ज्याचा त्याच्यापाशी राहील. तो मला दाखवायचा नाही, शेजारच्याला दाखवायचा नाही, मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा नाही, जर्नलमध्ये चिकटवायचा नाही, आणि काम झालं की आपल्या हातानं नष्ट करायचा. मुलं आधी चक्रावतात. प्रयोग ठशांचा आणि ठसेच कोणी बघायचे नाहीत, मग शिक्षक तपासणार काय?

नियमाचं कारण मुलांच्या घरातच असतं. आमच्याकडच्या बहुतेक गावांत आजी-आजोबा सेवा केंद्रात जाऊन यंत्रावर अंगठा टेकवतात आणि पेन्शनचे पैसे घेऊन येतात. जमिनीच्या दस्तांवर जे अंगठे उमटवलेले असतात, त्यांच्या प्रतिमा मिळवून नकली अंगठे तयार करायचे आणि आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढून घ्यायचे, असे गुन्हे देशात ठिकठिकाणी उघडकीला आलेले आहेत. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो, अंगठा नवा मिळत नाही. शिवाय वर्गातली मुलं सोळा-सतरा वर्षांची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिचा डेटा हाताळायला पालकांची संमती लागते. कागदावरचा ठसा कागदावर आहे तोवर प्रश्न वर्गापुरता राहतो. कोणी मोबाइल काढला, फोटो ग्रुपवर गेला, की तो कुठे थांबेल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

आणि खरं सांगायचं तर या प्रयोगाला ठसा लागतच नाही. आम्हाला हवी असते ती ठशातली एकच गोष्ट: नक्षी कोणत्या प्रकारची आहे. लूप, व्होर्ल की आर्च. लूप असेल तर तो करंगळीकडे उघडतो की अंगठ्याकडे. माणूस ओळखायला उपयोगी पडतात ते बारकावे वेगळेच. रेघ कुठे तुटली, कुठे दुभंगली, दोन रेघांमध्ये ठिपका कुठे आहे, यांच्यावरून ओळख पटते. आमच्या वर्गीकरणात ते कुठेच येत नाहीत. तेव्हा जे लागत नाही ते गोळाच करायचं नाही, एवढंच ठरवायचं.

साहित्य साधं आहे. 2B पेन्सिल, पांढरा कागद, इंचभर रुंदीची पारदर्शक चिकटपट्टी, हातभिंग आणि पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करायचे, कारण घामट बोटावर ग्राफाइटचा चिखल होतो. कागदावर पेन्सिल घासून दोन बोटं मावतील एवढा काळा चौकोन करायचा. त्यावर बोटाचं पहिलं पेर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं. मग पट्टी त्याच पद्धतीनं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे बोटावर बसवायची, अलगद सोडवायची आणि प्लास्टिकवर चिकटवायची. पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिलं की रेघा शाईच्या ठशाइतक्या स्वच्छ दिसतात. स्टॅम्पपॅडपेक्षा मला हे बरं वाटतं. हात लगेच धुतले जातात आणि कागदावर ठशांचे डाग मागे राहत नाहीत.

लोळवणं मात्र टाळता येत नाही. घाईत बोट सरळ टेकवलं तर मधला भाग तेवढा उमटतो आणि कडेचे डेल्टा बाहेर राहतात. डेल्टा म्हणजे जिथे तीन दिशांनी आलेल्या रेघा एकत्र येऊन त्रिकोण होतो ती जागा. वर्गीकरणाची निम्मी भिस्त तिच्यावरच. साध्या आर्चमध्ये डेल्टा नसतो, लूपमध्ये एक असतो, व्होर्लमध्ये दोन. व्होर्लचा एक डेल्टा पट्टीच्या बाहेर राहिला तर मूल त्याला खुशाल लूप म्हणतं. पट्टीवरचा ठसा उभट, अरुंद दिसला आणि त्याच्या दोन्ही कडांना रेघा मध्येच कापल्यासारख्या संपल्या, तर तो पुन्हा घ्यायचा. हे मुलाला स्वतःलाच कळतं, त्यासाठी मला ठसा पाहावा लागत नाही.

पण नक्षी ओळखण्यात चूक झाली तर ती कळणार कशी? ठसा कोणीच तपासणार नसेल तर वाचणारा आधी तयार असला पाहिजे. म्हणून पहिला तास सगळा छापील आकृत्यांवर जातो. फ्रान्सिस गाल्टननं 1892 साली बोटांच्या ठशांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात आर्च, लूप आणि व्होर्ल या तीन घराण्यांच्या भरपूर आकृत्या आहेत. आज आपण वापरतो ती विभागणी तीच. मी तशा नमुना आकृत्या मोठ्या करून आणते आणि प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहायला लावते. जिथे सगळ्यांचं जमतं तिथे थांबायचं कारण नाही. जिथे अर्धा वर्ग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे जातो, ती आकृती फळ्यावर काढायची.

असा अर्धा वर्ग हटकून फुटतो तो तंबूसारख्या आर्चवर. साध्या आर्चमध्ये रेघा एका कडेनं येतात, मध्ये जराशा उचलतात आणि दुसऱ्या कडेनं निघून जातात. त्यात गोंधळाला जागा नाही. पण कधी कधी मधल्या रेघा एकदम ताठ उभ्या राहतात, एखादी मागे वळल्यासारखीही दिसते, आणि खाली डेल्टासारखी जागा असते. हा छोटा लूप की तंबूसारखा आर्च? यासाठी तीन प्रश्न आहेत आणि ते क्रमानंच विचारायचे. एखादी रेघ ज्या कडेनं आत आली त्याच कडेकडे खरोखर वळून परत जाते का? डेल्टा आहे का? आणि डेल्टापासून गाभ्यापर्यंत, म्हणजे वळणाच्या मध्यापर्यंत, एक सरळ रेषा कल्पून ओढली तर तिला मधली किमान एक रेघ छेदते का? डेल्टा आणि गाभा या दोन टोकांच्या बिंदूंना त्या मोजणीत धरायचं नाही. तिन्ही उत्तरं होय आली तरच लूप. वळण आहे, डेल्टा आहे, पण मध्ये मोजायला एकही रेघ नाही, तर तो तंबूसारखा आर्च.

दुसऱ्या तासाला मुलं स्वतःची बोटं वाचायला बसली की हेच प्रश्न कामी येतात. डाव्या तर्जनीपाशी अडलेला एक मुलगा पट्टी हातात धरून उठला होता.

"मॅडम, एकदाच बघा ना. लूपच आहे हा."

"मला दाखवू नकोस, सांग. डेल्टा किती?"

"एक."

"रेघ परत फिरते?"

"फिरते. म्हणजे… एकच फिरते."

"आता डेल्टापासून त्या वळणापर्यंत रेषा धर. मध्ये काय लागतं?"

तो भिंग घेऊन बराच वेळ वाकून बसला. पट्टी उलटसुलट करून पाहिली, पेन्सिलचं टोक रेघेवर ठेवून मोजलं. "मध्ये काहीच नाही मॅडम. डेल्टाची रेघ आणि लगेच वळण."

"मग?"

"आर्च. तंबूवाला."

मी पट्टी हातात घेतली असती तर दोन सेकंदांत उत्तर दिलं असतं आणि तो ते लिहून मोकळा झाला असता. न पाहण्याच्या नियमामुळे त्याला ठशाचं वर्णन करावं लागलं, आणि वर्णन करता करता वर्गीकरण त्याचं त्यानंच केलं. हा फायदा नियम करताना माझ्या मनात नव्हता. आता मी तो मुद्दाम वापरते.

लूपची दिशा हे दुसरं अवघड ठिकाण. लूपचं तोंड करंगळीच्या बाजूला उघडत असेल तर एक प्रकार, अंगठ्याच्या बाजूला उघडत असेल तर दुसरा. पुस्तकातल्या आकृत्या शाईच्या ठशांवरून काढलेल्या असतात, आणि कागदावर टेकवलेला शाईचा ठसा हा बोटाचा आरसा असतो. चिकटपट्टीचं तसं नाही. पट्टी बोटावरून उचलून, चिकट बाजू खाली ठेवूनच प्लास्टिकवर बसवली, की वरून पाहताना बोट जसं समोर दिसतं तसंच दिसतं. म्हणजे उजव्या हाताचा करंगळीकडे उघडणारा लूप शाईच्या ठशात उजवीकडे उघडतो आणि पट्टीवर डावीकडे. पुस्तकातली आकृती शेजारी ठेवून डावं-उजवं जुळवत बसलेल्या मुलाचे सगळे लूप बरोब्बर उलटे लागतात.

उपाय सोपा आहे. पट्टी बोटावर असतानाच, सोडवायच्या आधी, करंगळीच्या बाजूच्या कडेला पेननं एक ठिपका द्यायचा. पुढे डावं-उजवं विसरून जायचं आणि लूपचं तोंड ठिपक्याकडे आहे की नाही तेवढं पाहायचं. मन मानत नसेल तर भिंग थेट बोटावर धरायचं. तिरप्या उजेडात, खिडकीजवळ, कातडीवरच्या रेघा तशाही दिसतात.

आणि ही चूक वर्गात झालीच तर ती आकड्यांतून ओरडून सांगते. अंगठ्याकडे उघडणारे लूप मुळात थोडे, आणि जे असतात ते मुख्यतः तर्जनीवर. करंगळीवर ते अगदी क्वचित सापडतात. उलट करंगळी हे करंगळीकडे उघडणाऱ्या लूपचं हक्काचं बोट. करंगळीच्या मोजणीत अंगठ्याकडचे लूप ढिगानं निघाले तर कोणाची बोटं वेगळी नाहीत, एखाद्या बाकावर ठिपका द्यायचा राहिला आहे.

आता गोळा करण्याची गोष्ट. सरळ मार्ग असा दिसतो की प्रत्येकानं नाव न घालता एका चिठ्ठीवर दहा बोटांची दहा अक्षरं लिहून द्यावी. नाव नाही, ठसा नाही, मग अडचण कसली? अडचण समजावून सांगायला मी कलकत्त्याची हकिकत सांगते. 1897 साली तिथे बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय सुरू झालं. एडवर्ड हेन्रीच्या नावानं जी पद्धत पुढे जगभर गेली, तिची गणिती मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या दोन हाताखालच्या अधिकाऱ्यांनी केली. त्यांनी पहिल्या पायरीवर एवढंच विचारलं: या बोटावर व्होर्ल आहे की नाही? दहा बोटांना प्रत्येकी दोन उत्तरं. दोनाचा दहावा घात 1024. म्हणजे नुसत्या होय-नाहीवर हजारावर कप्पे तयार झाले आणि हजारो कैद्यांच्या ढिगातून नेमका कागद शोधणं आवाक्यात आलं.

आमची उत्तरं दोन नाहीत, चार आहेत. चाराचा दहावा घात दहा लाखांच्या वर जातो. खऱ्या बोटांत सगळे कप्पे सारखे भरत नाहीत. करंगळीकडचे लूप इतके जास्त असतात की काही चिठ्ठ्या जुळतीलही. पण साठ मुलांच्या वर्गात बऱ्याच जणांची दहा अक्षरांची ओळ एकट्याचीच निघेल. जी मांडणी माणूस शोधायला तयार झाली, तीच आपण निनावी म्हणून गोळा करायची, हे मला पटेना. त्यात हस्ताक्षर. बारा-पंधरा वह्या तपासल्या की कोणाचा 'ल' कसा असतो हे मलाच माहीत असतं.

म्हणून आम्ही कडधान्यं वापरतो. दहा कापडी पिशव्या, प्रत्येकीवर बोटाचं नाव: उजवा अंगठा, उजवी तर्जनी, असं डाव्या करंगळीपर्यंत. करंगळीकडे उघडणाऱ्या लूपला हरभरा, अंगठ्याकडे उघडणाऱ्याला वाटाणा, व्होर्लला राजमा, आर्चला तूर, आणि ठसा वाचता आला नाही तर शेंगदाणा. प्रत्येक जण एकेका पिशवीत मूठ घालतो आणि एक दाणा सोडतो. उजव्या तर्जनीत पडलेला राजमा आणि डाव्या अंगठ्यात पडलेला हरभरा एकाच मुलाचे होते का, हे पिशव्या रिकाम्या केल्यावर कोणालाही, मलासुद्धा, शोधता येत नाही. पडताळा मात्र मिळतो. प्रत्येक पिशवीतले दाणे हजर मुलांइतकेच भरले पाहिजेत. एक कमी भरला तर कोणीतरी पिशवी चुकवली, एक जास्त भरला तर कोणाचे दोन पडले. त्या पिशवीपुरतं पुन्हा करायचं.

शेंगदाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पिशव्यांपेक्षा मला त्याचं मोल अधिक वाटतं. काही बोटं खरोखरच वाचता येत नाहीत. घरी भांडी घासणाऱ्या, सुट्टीत सिमेंटच्या कामावर किंवा वेचणीला जाणाऱ्या मुलामुलींच्या रेघा झिजलेल्या, भेगाळलेल्या असतात. कोणाच्या बोटावर भाजल्याचा व्रण असतो, कोणाचं पेर यंत्रात गेलेलं असतं. त्यांना हात वर करून "माझं बोट नाही" असं सांगायला लावणं मला कधीच मान्य झालं नाही. त्याच पिशवीत त्याच मुठीतून शेंगदाणा पडतो आणि विषय संपतो. ज्याला प्रयोगात भागच घ्यायचा नाही त्यानंही दहा शेंगदाणे टाकावेत, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते. कारण विचारलं जात नाही, आणि त्यानं नकार दिला हे कोणाला कळतही नाही. मोजणीत शेंगदाणे वेगळे ठेवायचे आणि टक्केवारी उरलेल्या दाण्यांवर काढायची.

आकडे फळ्यावर लिहिताना आणखी एक पथ्य. आर्च मुळात थोडे असतात. ढोबळमानानं शंभर बोटांत पाचाच्या आसपास, लूप साठ ते पासष्ट आणि व्होर्ल तीसच्या वर, असं प्रमाण पाठ्यपुस्तकांत दिलं जातं. आशियातल्या अनेक समूहांत व्होर्ल यापेक्षा जास्त आढळतात. एखाद्या पिशवीत एकच तूर निघाली तर सगळा वर्ग "कोण रे तो?" म्हणून इकडेतिकडे पाहायला लागतो. म्हणून आर्चसारख्या विरळ प्रकारांचा आकडा तुकडीवार फळ्यावर जात नाही, दोन्ही तुकड्यांच्या पिशव्या एकत्र मोजल्यावर जातो. मुलगे आणि मुली वेगळे मोजावेत असं मुलं नेहमी सुचवतात. ज्या तुकडीत पाच-सहाच मुली आहेत तिथे मी ते करू देत नाही.

दाणे मोजून झाले की खरा जीवशास्त्राचा भाग सुरू होतो, आणि पहिली गंमत बोटाबोटांतल्या फरकाची. राजमा सगळ्यात जास्त निघतो तो अंगठ्याच्या आणि अनामिकेच्या पिशवीतून. करंगळीची पिशवी जवळजवळ हरभऱ्याचीच. तर्जनीच्या पिशवीत मात्र सगळा भाजीपाला: तूरही तिथे, वाटाणाही तिथे. दहा बोटांची एकच सरासरी काढली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं.

त्यानंतर काई वर्ग चाचणी. इथे मी एक सगळा तास देते, कारण बोटांच्या ठशांच्या प्रयोगात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. समजा, दोन तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत साठ मुलांची उजवी अनामिका वाचता आली. एकीत 27 व्होर्ल निघाले, दुसरीत 21. फरक खरा मानायचा का? दोन्ही मिळून 120 बोटांत 48 व्होर्ल, म्हणजे फरक नसेल तर प्रत्येक तुकडीत 24 अपेक्षित आणि व्होर्ल नसलेली 36. प्रत्येक घरात अपेक्षितापासूनचं अंतर 3, त्याचा वर्ग 9. नऊला 24 नं भागून दोनदा, 36 नं भागून दोनदा, सगळ्यांची बेरीज 1.25. एका मुक्ततेच्या अंशाला मर्यादा 3.84 आहे. आपण तिच्या बरेच खाली आहोत, तेव्हा असा फरक योगायोगानं सहज पडू शकतो.

आता तीच टक्केवारी ठेवून दहाही बोटं एकत्र ओतायची. एका तुकडीची 600 बोटं, त्यात 270 व्होर्ल. दुसरीची 600, त्यात 210. गणित तेच केलं की उत्तर येतं 12.5. मर्यादा ओलांडून कुठल्या कुठे. मुलं आनंदानं लिहितात की दोन तुकड्यांत लक्षणीय फरक आहे. काय बदललं? मुलं तेवढीच होती, प्रमाणही तेच होतं. आकडे दहापट झाले म्हणून उत्तर दहापट झालं. पण ती दहा बोटं दहा वेगळी निरीक्षणं नाहीत. ज्याच्या उजव्या अंगठ्यावर व्होर्ल आहे त्याच्या डाव्या अंगठ्यावर तो असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते, कारण दोन्ही बोटं एकाच गर्भात, एकाच जनुकसंचावर वाढली. चाचणीला मात्र प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी असते. साठ माणसांकडून सहाशे साक्षी घेतल्या म्हणून साक्षीदार सहाशे होत नाहीत. तेव्हा चाचणी करायची ती एका बोटावर, दोन वेगळ्या तुकड्यांमध्ये. तर्जनी आणि करंगळी यांची तुलनाही या चाचणीनं करायची नाही, कारण दोन्ही पिशव्या त्याच मुलांनी भरल्या. त्यांचे स्तंभालेख शेजारी शेजारी काढायचे आणि डोळ्यांनी पाहायचे.

नक्षी अशी का होते, हे विचारायला मुलांना आता फारसं ढकलावं लागत नाही. गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमाराला बोटांच्या टोकांशी छोटे फुगवटे येतात आणि काही आठवड्यांत ते ओसरू लागतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून त्यांच्यावर रेघा बसायला लागतात आणि सतराव्याच्या आसपास मूळ नक्षी पक्की होते. त्या वेळी फुगवटा उंच आणि गोल असेल तर व्होर्लची शक्यता जास्त, एका बाजूला कललेला असेल तर लूपची, सपाट झाला असेल तर आर्चची. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की रेघा एकदम सगळीकडे उमटत नाहीत. फुगवट्याच्या मध्यावर, नखाखालच्या टोकाला आणि पेराच्या वळीजवळ अशा तीन ठिकाणांहून त्या लाटांसारख्या पसरत येतात. त्यांच्यातलं अंतर राखणारी यंत्रणा ही अॅलन ट्युरिंगनं 1952 साली गणितात मांडली होती त्या जातीची आहे: एक रेणू रेघ वाढवतो, दुसरा तिला आवर घालतो. हे सांगितल्यावर मी मुलांना पुन्हा स्वतःचा डेल्टा पाहायला लावते. तीन बाजूंनी आलेले प्रवाह तिथे अडखळलेले असतात, आणि कोणता कुठून आला ते बोट ठेवून दाखवता येतं.

घरून आई-वडिलांच्या ठशांचे प्रकार विचारून आणायला मी सांगत नाही. नक्षीवर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा आहे, पण तो अनेक जनुकांचा मिळून आहे. व्होर्लचं एखादं जनुक नाही, त्यामुळे आई-वडिलांशी जुळलं नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला ते जुळत नाही असं वाटलं तर त्याच्या मनात काय येईल, आणि ज्याच्या घरी दत्तकाची गोष्ट आहे त्याचं काय, याचा विचार आधी करायचा. आनुवंशिकता शिकवायला प्रसिद्ध अभ्यासांतले जुळ्यांचे आकडे आहेत. सारा होल्टनं दहा बोटांवरच्या रेघांची एकूण मोजणी तपासली तेव्हा समान जुळ्यांत सहसंबंध 0.95 च्या आसपास आला आणि सख्ख्या भावंडांत 0.5 च्या. तेवढे पुरेसे होतात.

शंख-चक्राचा प्रश्न दरवर्षी येतो. दहा चक्रं असली की राजयोग, हे मुलांनी आजीकडून ऐकलेलं असतं, आणि हल्ली ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे महागडे रिपोर्टही पालक काढून आणतात. मी मुलांना प्रयोगाचीच भाषा वापरायला सांगते. असा दावा तपासायचा तर काय काय मोजावं लागेल, किती माणसांचं, आणि ठसा पाहणाऱ्याला त्या माणसाची माहिती नसेल याची खात्री कशी करणार? मुलं पाच मिनिटांत आराखडा मांडतात आणि असा तपास त्या रिपोर्टांत कुठेच नाही हेही त्यांना दिसतं. गर्भात चौथ्या महिन्यात पक्क्या झालेल्या रेघांवरून दहावीनंतरची शाखा ठरत नाही. जे पालक तो रिपोर्ट घेतात, त्यांनी त्यासाठी मुलाच्या दहाही बोटांचे ठसे कोणा खाजगी दुकानाच्या हवाली केलेले असतात, याची मला जास्त काळजी वाटते.

शेवटी प्लास्टिकवरच्या पट्ट्या सोडवून चिकट बाजू आत येईल अशा दुमडायच्या, चोळायच्या, कात्रीनं बारीक तुकडे करायचे. घासलेला काळा कागद फाडून टाकायचा. जर्नलमध्ये जातात त्या पुस्तकावरून काढलेल्या तीन नक्ष्या, पिशव्यांचा तक्ता आणि एका बोटाची चाचणी. जर्नल बाहेरच्या परीक्षकांपर्यंत जातं, त्यात कोणाचंही स्वतःचं बोट असत नाही.

पिशव्यांच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र हातची जाते, आणि ती एका मुलीनं नेमकी पकडली. "मॅडम, डाव्या-उजव्या अंगठ्याची नक्षी सारखी असते असं तुम्ही म्हणालात. आपल्या पिशव्यांवरून ते कळेल?" कळत नाही. दोन पिशव्यांतले दाणे एकमेकांशी जोडलेले नाहीत. तो प्रश्न विचारायचा तर दोन बोटं जोडावीच लागतील. मग तिनंच सुचवलं की दोन्ही अंगठ्यांचे दाणे कागदाच्या एका पुडीत बांधून टाकायचे, डावा-उजवा असं काही न लिहिता, आणि बाकीची आठ बोटं मध्ये आणायचीच नाहीत. शेंगदाणा धरून पाच प्रकारचे दाणे, म्हणजे पुडीच्या जास्तीत जास्त पंधरा तऱ्हा. त्यात दोन हरभरे, दोन राजमे किंवा एकेक अशा पुड्याच बहुसंख्य असणार. शेंगदाणा असलेल्या पुड्या बाजूला ठेवून सारख्या दाण्यांच्या आणि वेगळ्या दाण्यांच्या पुड्या किती एवढंच मोजायचं, फळ्यावर तेच दोन आकडे लिहायचे, आणि नुसत्या योगायोगानं किती पुड्या जुळल्या असत्या ते पिशव्यांच्या प्रमाणांवरून काढून शेजारी मांडायचं. यंदा दोन्ही तुकड्यांना पिशव्यांबरोबर पुड्याही देणार आहे.